टॉपिक ‘झाला’ की नाही, हे कसं तपासायचं? नाशिकच्या अभ्यासिकेत नव्यानं येणाऱ्यांसाठी

निफाड, दिंडोरी, कळवण, येवला, कुठूनही या. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला एखाद्या अभ्यासिकेत जागा मिळाली की पहिल्याच आठवड्यात टेबलासमोर सिलॅबसची प्रिंट चिकटते आणि एकेका टॉपिकपुढे टिक पडायला लागते. पंचायतराज झालं. महाराष्ट्राचा भूगोल झाला. पुढे कधीतरी टेस्ट सिरीज लावली की टिक केलेल्याच टॉपिकचे प्रश्न धडाधड चुकतात. मग ‘सिली मिस्टेक झाल्या’ असं स्वतःला सांगून तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं.

हा लेख त्या टिकबद्दल आहे. मी याच शहरात राज्यसेवेची तयारी केली आणि आता संध्याकाळी ओळखीच्या मुलामुलींच्या वह्या तपासते. अभ्यास किती तास करावा, कोणती पुस्तकं घ्यावीत, हे सांगणारे तुम्हाला चहाच्या टपरीवर दहा जण भेटतील. मी फक्त एकच गोष्ट सांगणार आहे: आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, याचा स्वतःचा अंदाज नेमका कसा करायचा. मानसशास्त्रात या विषयाला मेटाकॉग्निशन म्हणतात, आणि येत नसलेली गोष्ट येते असं मनापासून वाटणं हा त्यातला पुष्कळ अभ्यासला गेलेला भाग आहे. त्याचा हुशारीशी फारसा संबंध नाही. अंदाज चुकीच्या वेळी आणि चुकीच्या खुणेवरून बांधला जातो, एवढंच त्याचं कारण.

काय लागेल

- दोनशे पानी आखीव वही. ही नोट्सची वही नव्हे, वेगळी ठेवा.
- निळं आणि लाल पेन. हायलायटर लागणार नाही.
- ज्यातून टॉपिक वाचताय ते एकच पुस्तक.
- आयोगाच्या जुन्या पूर्व परीक्षांचे पेपर आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका. आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. फक्त ‘अंतिम’ तालिकाच घ्या, कारण पहिल्या तालिकेतली काही उत्तरं हरकतींनंतर बदलतात.
- रोज अर्धा तास, तोही वाचनाच्या वेळेतूनच काढलेला.

## १. अंदाज कशावरून बांधला जातो, ते आधी पाहा

कळवणच्या मुलाला विचारा, ‘नाशिक जिल्ह्यातल्या नद्या येतात का?’ तो लगेच ‘हो’ म्हणेल. गिरणा त्याच्या गावाजवळून जाते, गोदावरी तो रोज ओलांडतो, दारणा आणि कादवा ही नावं लहानपणापासून कानावर आहेत. आता कोरा कागद द्या आणि सांगा, ‘जिल्ह्यातलं पाणी कोणकोणत्या खोऱ्यांत जातं, नद्यांच्या नावांसह लिही.’ बहुतेक वेळा सगळ्याच नद्या गोदावरीला नेऊन मिळवल्या जातात. प्रत्यक्षात दारणा आणि कादवा गोदावरीला मिळतात, गिरणा मात्र खानदेशात जाऊन तापीला मिळते. मोसम मालेगावजवळ गिरणेला मिळते, म्हणून तीही तापीच्याच खोऱ्यातली. नार, पार आणि दमणगंगा तर पश्चिमेला अरबी समुद्राकडे वाहतात. म्हणजे तीन दिशा झाल्या. नावं ओळखीची असल्यामुळे मनानं ‘येतं’ असा कौल दिला, पण प्रश्न नावांचा नव्हताच.

ओळखीचं वाटणं ही पहिली फसवी खूण. दुसरी म्हणजे वाचताना न अडखळणं. दुसऱ्यांदा वाचलेला परिच्छेद पहिल्यापेक्षा भरभर वाचला जातो, आणि वाचनाचा हा वेग मन ज्ञानाच्या खात्यावर जमा करतं. अगदी अक्षराचा आकारसुद्धा फसवतो. प्रयोगात काही शब्द मोठ्या टाइपात दाखवले तर लोक म्हणाले, हे जास्त लक्षात राहतील. प्रत्यक्ष आठवण्यात मोठ्या-लहान टाइपाचा फरक पडला नाही. पिवळ्या रेघांनी रंगवलेलं पान ‘तयार’ वाटतं त्यामागेही मला हेच दिसतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एक छोटा उतारा चारही सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्या गटानं तो एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ वर राहिले. पण ‘आठवड्यानं किती आठवेल असं वाटतं?’ हे आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री नुसतं वाचणाऱ्यांनाच होती.

यात एक बारकावा आहे. नुसतं वाचणाऱ्यांचं वाटणं त्या क्षणापुरतं खरंच होतं, कारण पाच मिनिटांनी त्यांना खरोखर जास्त आठवत होतं. चूक झाली ती आत्ताच्या स्थितीवरून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधण्यात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत दोनच गोष्टी बदलायच्या आहेत: अंदाज कधी करायचा आणि तो करताना समोर काय असायला हवं.

## २. वाचताना प्रश्न लिहा, पण प्रश्नातून उत्तर सांडू देऊ नका

टॉपिक वाचताना नोट्स काढू नका, प्रश्न काढा. साधारण दोन पानांमागे तीन-चार प्रश्न पुरतात. ते वहीच्या डाव्या पानावर लिहा आणि उजवं पान पूर्ण कोरं ठेवा. वाचताना उत्तर वहीत कुठेही लिहायचं नाही, प्रश्नासमोर फक्त पुस्तकाचा पान नंबर टाका.

बहुतेक नवे लोक इथेच घसरतात. त्यांच्या वहीत असा प्रश्न असतो: ‘अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत का?’ हा वाचला की डोकं हलतं, हो, आहेत. उत्तर प्रश्नातच असल्यानं आठवायला काही उरत नाही. त्याऐवजी लिहा: ‘पंचायतींकडे कोणते विषय सोपवता येतात, याची यादी घटनेत कुठे आहे आणि ती किती विषयांची आहे?’ तसंच ‘७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली’ असं वाक्य लिहून त्यातली तारीख झाकायची सवय अनेकांना असते. ते ‘लागू कधी झाली?’ इतपत ठीक आहे, पण त्याच जोडीला एक ‘का’ किंवा ‘तर काय’ विचारणारा प्रश्न हवाच. उदाहरणार्थ, ‘मुदत संपण्याआधीच पंचायत बरखास्त झाली तर पुढे काय होतं?’ हा प्रश्न लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत तो सोडवून दाखवते.

झेरॉक्सच्या दुकानात कुणातरी निवड झालेल्याच्या नोट्स मिळतात. त्या घ्यायला माझी हरकत नाही. पण त्या नोट्स वाचताना सगळं सुसंगत वाटतं ते लिहिणाऱ्याच्या डोक्यामुळे. प्रश्न मात्र तुमच्याच हाताचे असू द्या.

## ३. मधे एक रात्र जाऊ द्या

वाचून संपवलं, लगेच वही उघडली आणि स्वतःला विचारलं, ‘आलं का?’ हा सगळ्यात निरुपयोगी क्षण आहे. मजकूर अजून डोळ्यांपुढे तरळत असतो, म्हणून उत्तर जवळपास नेहमी ‘हो’ येतं.

१९९१ साली नेल्सन आणि डनलोस्की यांनी शब्दांच्या जोड्या शिकवून हीच गोष्ट मोजली. काही जोड्यांबद्दल ‘हे नंतर आठवेल का?’ हा अंदाज शिकल्याबरोबर घेतला, काहींबद्दल मधे इतर जोड्या जाऊ देऊन. लगेच केलेल्या अंदाजांचा प्रत्यक्ष निकालाशी बेताचाच संबंध निघाला. थांबून केलेले अंदाज मात्र आश्चर्य वाटावं इतके अचूक होते. त्याच दोघांनी पुढे दाखवलं की यासाठी अट आहे: अंदाज करताना जोडीतला पहिलाच शब्द दिसायला हवा. दोन्ही शब्द समोर ठेवले तर थांबण्याचा फायदा जवळपास निघून जातो. उत्तर समोर असलं की ते आपल्याला सुचलं असतं की नाही, हे मनाला वेगळं काढता येत नाही.

त्या प्रयोगात मधला वेळ मिनिटांचाच होता. आपल्या अभ्यासाला मी एक रात्र सांगते, कारण ते पाळायला सोपं आहे. संध्याकाळी वाचा, प्रश्न लिहा, घरी जा. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत आल्यावर पहिला अर्धा तास पुस्तक बॅगेत आणि वही टेबलावर. बॅगेतच हं. टेबलाच्या कोपऱ्यावर बंद ठेवलेलं पुस्तकसुद्धा दुसऱ्या प्रश्नाला उघडतं.

## ४. उत्तर लिहिण्याआधी अंदाज लिहा

प्रत्येक प्रश्न वाचा आणि उत्तर लिहायला घेण्याआधी त्याच्यापुढे तीनपैकी एक अक्षर टाका:

- प: पक्कं येतं. दहापैकी नऊ वेळा बरोबर येईल असं वाटतं.
- ब: बहुधा येईल. दहापैकी सहा.
- न: नाही येत. दहापैकी दोन, तेही नशिबानं.

दहा पातळ्यांची पट्टी केली तर ‘सत्तर की ऐंशी’ यातच वेळ जातो. तीन पुरतात.

अक्षर आधी आणि शाईनं लिहायचं. उत्तर तपासल्यावर लिहिलं तर त्याला काडीची किंमत नाही. निकाल कळल्यावर ‘मला माहीतच होतं’ असं वाटू लागतं आणि आधी काय वाटत होतं याची आठवणही बदलते. यावर १९७० च्या दशकापासून पुष्कळ काम झालं आहे. पेन्सिलनं लिहिणारी मुलं उत्तर पाहून ‘प’चा ‘ब’ करतात, आणि त्यांना आपण लबाडी केली असं वाटतही नाही.

मग उजव्या पानावर निळ्या पेनानं उत्तर लिहा. मनात म्हणू नका, लिहा. मनातलं उत्तर नेहमी पूर्ण असतं. कागदावर आल्यावरच कळतं की ते ‘म्हणजे ते काहीतरी सहा महिन्यांचं आहे’ इतकंच होतं. उत्तर आलं नाही तर निदान एक मिनिट थांबा आणि मग रेघ मारा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे चार पर्याय समोर नसतात, त्यामुळे ओळखण्यावर चाललेली गाडी त्या पेपरला थांबते.

## ५. तपासताना मुद्दे मोजा, भाव नको

आता पुस्तक काढा. या पायरीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मागच्या चारही पायऱ्या नीट करून इथे वही वाया घालवणारे मी जास्त पाहिले आहेत.

प्रश्न होता: मुदतीआधी पंचायत बरखास्त झाली तर काय होतं? एका मुलीनं त्यापुढे ‘प’ लिहिलं होतं. उत्तर असं: ‘सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते आणि नवी पंचायत पाच वर्षांसाठी निवडून येते.’ पुस्तक उघडून तिनं नजर फिरवली, सहा महिने दिसले, निवडणूक दिसली, आणि उत्तराला बरोबरची खूण केली.

आता तेच उत्तर मुद्दे वेगळे करून तपासू. कलम २४३ ई मध्ये या प्रश्नाशी संबंधित तीन गोष्टी आहेत:

1. बरखास्तीच्या तारखेपासून सहा महिने संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे.
2. मूळ मुदतीतला उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर तेवढ्यासाठी निवडणूक घेणं आवश्यक नाही.
3. नव्यानं आलेली पंचायत उरलेल्या मुदतीपुरतीच राहते, तिला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत.

तिच्या उत्तरात पहिला मुद्दा आहे, दुसरा नाही आणि तिसरा सरळ उलटा आहे. तीनपैकी एक. परीक्षेत विधानांचा प्रश्न आला असता तर ती तिसऱ्या विधानावर बिनधास्त खूण करून आली असती.

तिला ते बरोबर का वाटलं? एकतर, उत्तर तपासताना आपण आपलंच वाक्य पुस्तकातल्या शब्दांनी भरून काढतो. लिहिलं अर्धं, पण वाचताना अर्थ पूर्ण लागतो. अभ्यासांतूनही हेच दिसलं आहे: विद्यार्थ्यांना पूर्ण योग्य उत्तर समोर देऊनही ते स्वतःच्या अर्धवट उत्तरांना सढळ हातानं गुण देतात. तेच योग्य उत्तर मुद्दे वेगळे करून दिलं तर गुण देणं बरंच काटेकोर होतं. म्हणून नियम असा: तपासताना आधी पुस्तकातल्या उत्तराचे मुद्दे लाल पेनानं १, २, ३ असे लिहा, आणि मग आपल्या उत्तरात प्रत्येक मुद्दा बोट ठेवून दाखवा. बोट ठेवता आलं नाही तर तो मुद्दा नाही. ‘मला म्हणायचं तेच होतं’ हे चालणार नाही.

दुसरं कारण त्या पाच वर्षांच्या चुकीचं. विधानसभा मुदतीआधी विसर्जित होऊन निवडणूक झाली की नवी विधानसभा पूर्ण पाच वर्षांसाठी येते. हे तिला आधीपासून पक्कं माहीत होतं आणि तेच तिनं पंचायतीला लावलं. अशी चूक आत्मविश्वासानं होते, कारण ती एका खऱ्या माहितीवर उभी असते. म्हणून चुकीच्या उत्तराशेजारी लाल पेनानं चार शब्दांत कारण लिहा: ‘विधानसभेचा नियम लावला.’ नुसती फुली मारली तर उद्या तीच चूक परत येते.

पूर्ण मुद्दे आले तरच प्रश्न बरोबर धरा. अर्धा गुण देऊ नका. पूर्व परीक्षेतही तो मिळत नाही.

## ६. आठवड्याचा हिशोब

रविवारी वहीतले आठवड्याचे प्रश्न मोजा. त्याच मुलीचा एका टॉपिकचा हिशोब असा होता. एकूण वीस प्रश्न.

- ‘प’ नऊ, त्यातले बरोबर सहा.
- ‘ब’ सात, त्यातले बरोबर दोन.
- ‘न’ चार, त्यातला बरोबर एक.

तिच्या स्वतःच्या अक्षरांप्रमाणे किती बरोबर यायला हवे होते? नऊ ‘प’चे साधारण आठ, सात ‘ब’चे चार आणि चार ‘न’चा एक. म्हणजे तेराच्या आसपास. आले नऊ. वीसमागे चार प्रश्नांचा हा फुगवटा म्हणजे तिच्या आणि तिच्या टिकमधलं अंतर. आधी तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘पंचायतराज ऐंशी टक्के झालंय.’

एका टॉपिकच्या वीस प्रश्नांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नका, आकडा डोलतो. तीन-चार आठवडे जमा झाले की तुमचा कल दिसायला लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कुणाचं ‘प’ भरवशाचं असतं पण ‘ब’ पोकळ. कुणी इतिहासात नेमका अंदाज करतो आणि अर्थशास्त्रात प्रत्येक ओळखीच्या शब्दाला ‘प’ देतो.

पुढच्या आठवड्यात आधी काय वाचायचं, हे या हिशोबावरून ठरवा. बहुतेक जण ‘न’पासून सुरू करतात. मी म्हणेन, आधी ‘प’ लिहून चुकलेले ते तीन प्रश्न घ्या. ‘न’ आपोआप वाचलं जाईल, कारण येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. चुकलेलं ‘प’ मात्र या वहीशिवाय कुणी उघडणारच नाही. त्यात एक सोयही आहे. खात्रीनं दिलेलं उत्तर चुकलं आणि लगेच योग्य उत्तर दिसलं, तर ते कमी खात्रीच्या चुकांपेक्षा जास्त सहज दुरुस्त होतं, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. माणूस चमकतो आणि लक्ष देतो. पण हा परिणाम कायमचा समजू नका. मधे पुन्हा तपासलं नाही तर योग्य उत्तर विसरतं आणि जुनं खात्रीचं उत्तर परत डोकं वर काढतं. म्हणून हे प्रश्न त्याच आठवड्यात परत घ्या, आणि पुढच्या आठवड्यातही.

## ७. वजा गुणांसाठी हाच हिशोब वापरा

पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर एक चतुर्थांश वजा, म्हणजे अर्धा गुण. (उत्तरपत्रिकेबद्दलच्या सूचना त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्या.) ‘अंदाजे प्रश्न सोडवायचे की सोडायचे?’ यावर टपरीवर भांडणं होतात. उत्तर प्रत्येकाच्या वहीत आहे.

गणित साधं आहे. अंदाजानं सोडवलेल्या पाच प्रश्नांतला एक बरोबर आला तर मिळाले दोन, गेले चार अर्धे म्हणजे दोन. शिल्लक शून्य. म्हणजे पाचात एकापेक्षा जास्त येत असतील तर सोडवण्यात फायदा, कमी येत असतील तर तोटा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी चारात एक येतो, म्हणजे वरवर पाहता सगळंच सोडवावं.

अडचण अशी की आपण डोळे मिटून खूण करत नाही. ओळखीच्या वाटणाऱ्या पर्यायाकडे झुकतो, आणि पेपर काढणारा नेमका तोच पर्याय तिथे ठेवतो. पंचायतीच्या प्रश्नातलं ‘पाच वर्षांसाठी’ हे त्याचंच उदाहरण. त्यामुळे एखाद्या विषयात तुमचे ‘न’ पाचात एकापेक्षाही कमी बरोबर येऊ शकतात. जुना पेपर वेळ लावून सोडवा, प्रत्येक प्रश्नापुढे तेच प, ब, न लिहा आणि अंतिम तालिकेवरून विषयवार मोजा. इथे पर्याय समोर असल्यानं आकडे रोजच्या वहीपेक्षा वेगळे येतील, म्हणून हा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा. दोन-तीन पेपरांनंतर तुम्हाला कळेल की भूगोलातला ‘न’ सोडवावा आणि अर्थशास्त्रातला सोडून द्यावा, किंवा याच्या उलट.

## ८. दोन सापळे

टपरीवरची चर्चा. चौघं मिळून प्रश्न घेतात, वेगानं बोलणारा उत्तर देतो आणि बाकीचे तिघं मान हलवतात. उत्तर ऐकल्यावर ‘हो, हेच म्हणणार होतो’ असं तिघांनाही खरंच वाटतं. त्यामुळे चर्चेतून सगळेच समाधानी उठतात आणि एकाचाच सराव होतो. चर्चा बंद करायची गरज नाही. प्रश्न वाचल्यावर प्रत्येकानं आपल्या हातातल्या कागदावर उत्तर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. पहिले दोन दिवस लाज वाटते.

सोडवलेली गणितं. सीसॅटला तेहतीस टक्के मिळवले की पुरे, म्हणून मुलं पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वाचत जातात. प्रत्येक पायरी पटते, पण पटणं आणि सुचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरणाची फक्त पहिली ओळ बघा, बाकी झाका आणि प्रकरण माहीत नसताना सोडवा. ‘काळ-काम-वेग’ असं मथळ्यात लिहिलेलं असलं की पद्धत निवडायचं अर्धं काम पुस्तकच करून देतं. म्हणून वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं एकत्र करून घ्या, आणि प, ब, न इथेही लिहा.

## ९. टिक कधी करायची

एकदा बरोबर आलं की यादीतून काढायचं, ही सवय बहुतेकांना असते. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ साली हीच सवय तपासली. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थांसह दिले. चारपैकी दोन गटांत, शब्द एकदा बरोबर आठवला की पुढच्या चाचण्यांतून तो वगळला. इतर दोन गटांत सगळ्या शब्दांच्या चाचण्या चालू ठेवल्या. आठवड्यानंतर चाचण्या चालू असलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. वगळणाऱ्यांना तेहतीस-छत्तीस टक्के, आणि त्यातल्या एका गटानं ते शब्द शिकताना पुन्हा पुन्हा वाचलेही होते. या चारही गटांनी आधी वर्तवलेला अंदाज जवळपास सारखा होता: निम्मे आठवतील.

म्हणून माझा नियम असा आहे. प्रश्नापुढे ‘प’ असेल आणि उत्तर पूर्ण मुद्द्यांसह आलं असेल, असं तीन वेगवेगळ्या दिवशी झालं तरच त्या प्रश्नाला टिक. हे दिवस लागोपाठचे नकोत: दुसरा दिवस, मग आठवड्यानं, मग महिन्याभरानं. टॉपिकला टिक तेव्हाच, जेव्हा त्याचे दहातले आठ प्रश्न टिक झाले असतील. राहिलेले दोन महिन्याच्या फेरीत येत राहतील. ‘तीन’ आणि ‘आठ’ हे आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही थोडे बदलू शकता. पण एकावर येऊ नका.

हे सुरू केल्यावर सिलॅबसच्या प्रिंटवरच्या टिक अचानक कमी होतील आणि शेजारच्या टेबलावरचा तुमच्या पुढे गेलेला दिसेल. त्याहून विचित्र गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत होते. वारंवार तपासणाऱ्यांचा अंदाज हळूहळू उलट्या बाजूला झुकतो. उत्तरं सुधारलेली असतात, पण मागच्या चुका आठवत राहतात म्हणून अक्षरं ‘ब’ आणि ‘न’ पडतात. संशोधकांनी हेही नोंदवलेलं आहे. वहीत ‘ब’पैकी दहातले नऊ बरोबर यायला लागले की समजा, तुम्ही त्या टप्प्यावर आहात. तेव्हा ‘अजून पक्कं वाटत नाही’ म्हणून तोच टॉपिक चौथ्यांदा वाचायला घेऊ नका. हिशोबाचं पान काढा, आणि आकडा ठीक असेल तर पुढच्या टॉपिकचे प्रश्न लिहायला बसा.